गेममधला लॅग: पिंग, सर्व्हर, लॅन केबल आणि राउटर सेटिंगबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

१०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, स्पीड टेस्ट पण फुल येते, मग गेम का अडकतो?

कारण स्पीड आणि पिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पीड म्हणजे एका सेकंदात किती डेटा येऊ शकतो ते, आणि पिंग म्हणजे तुमच्याकडून निघालेलं छोटंसं पॅकेट सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले ते. व्हॅलोरंट, सीएस २, बीजीएमआय असले गेम खेळताना डेटा फारच थोडा लागतो, साधारण एक एमबीपीएसच्या आतच सगळं भागतं. त्यामुळे १०० चा प्लॅन ३०० चा केला तरी गेमला काही फरक कळत नाही, गेम डाउनलोड मात्र लवकर होतो. नेटवाला "सर प्लॅन वाढवा" म्हणतो तेव्हा हे डोक्यात ठेवा, आधी लॅग कुठून येतोय ते शोधा मग पैसे घाला.

पिंग किती असला म्हणजे चांगला?

महाराष्ट्रातून मुंबईच्या सर्व्हरवर केबलने खेळत असाल तर ५ ते ३० च्या मधे कुठेही आलं तरी मस्त. ५० पर्यंत शूटर गेम आरामात खेळता येतो, ८० च्या वर कोपऱ्यावरची फाइट हरायला लागता, १५० च्या वर रँक्ड खेळण्यात अर्थ नाही.

पण खरं सांगायचं तर आकड्यापेक्षा तो आकडा स्थिर आहे का हे जास्त महत्त्वाचं आहे. कायम ६० पिंग असलेला माणूस नीट खेळतो, कारण गेम आणि हात दोघांनाही त्या ६० ची सवय होते. १५ वरून अचानक ९० आणि परत १५ अशा उड्या मारणारा पिंग त्यापेक्षा कितीतरी वाईट, त्यालाच जिटर म्हणतात. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा अपडेट होतो म्हणजे दर ८ मिलिसेकंदाला एकदा, आता तुमची पॅकेटं ७०-८० मिलिसेकंद अडकून मग एकदम घोळक्याने पोचली तर मधल्या नऊ-दहा अपडेटमधे तुम्ही काय केलं ते सर्व्हरला माहितीच नसतं, मग समोरचा माणूस टेलिपोर्ट झाल्यासारखा दिसतो किंवा भिंतीमागे गेल्यावर पण तुम्ही मरता.

तिसरी गोष्ट पॅकेट लॉस. पॅकेट उशिरा येत नाही, येतच नाही. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतं पण सेकंदाला १२८ पॅकेटं जात असतील तर दर सेकंदाला एखादं गायब होतंय असा त्याचा अर्थ.

पण लॅग नेटचा आहे की पीसीचा, हे कसं ओळखायचं?

माउस हलवल्यावर तुमचा स्वतःचा कॅमेरा अडकत असेल तर तो एफपीएसचा प्रॉब्लेम, ग्राफिक कार्ड, रॅम, गरम झालेला लॅपटॉप वगैरे. कॅमेरा छान फिरतोय पण बाकीचे प्लेयर उड्या मारतायत, दार उशिरा उघडतंय, गोळी लागली तरी डॅमेज पडत नाही, तर तो नेटचा. व्हॅलोरंटमधे सेटिंगमधल्या Video मधे Stats म्हणून भाग आहे, तिथून Network RTT आणि Packet Loss चे ग्राफ चालू करून ठेवा. झटका बसला त्या क्षणी ग्राफ वर गेला का एवढंच बघायचं. ग्राफ सपाट असेल तर राउटरला हात लावू नका.

ओके, नेटचाच आहे. आता सुरुवात कुठून करू?

लॅग तीनच ठिकाणी होऊ शकतो: तुमच्या पीसीपासून राउटरपर्यंत, राउटरपासून नेटवाल्याच्या लाइनपर्यंत, आणि तिथून पुढे गेमच्या सर्व्हरपर्यंत. सगळे लोक एकदम तिसऱ्यावर जातात, "सर्व्हर खराब आहे" म्हणतात, प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोष पहिल्या दोनात सापडतो, म्हणजे घरातच. म्हणून घरापासून मोजत बाहेर जायचं.

विंडोजमधे कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि `ipconfig` टाका. Default Gateway समोर जो आकडा दिसेल तो तुमचा राउटर, बहुतेक `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो. मग दोन वेगळ्या खिडक्यांत हे दोन चालू करा आणि एक मॅच खेळा:

```
ping -t 192.168.1.1
ping -t 1.1.1.1
```

मॅच संपली की प्रत्येक खिडकीत Ctrl+C दाबा, खाली Minimum, Maximum, Average येईल आणि किती पॅकेट Lost झाले ते पण येईल.

आता वाचायचं कसं ते सांगतो. पहिल्या खिडकीत, म्हणजे राउटरपर्यंतच जर उड्या असतील तर प्रॉब्लेम वायफायचा किंवा केबलचा, नेटवाल्याला फोन करून उपयोग नाही. पहिली खिडकी सपाट आणि दुसरी उड्या मारतेय तर प्रॉब्लेम लाइनवर आहे, आणि त्यातही लाइन तुमच्याच घरातून भरलीये का नेटवाल्याकडे भरलीये ते बघायचं, ते खाली येतंय. दोन्ही सपाट आणि गेममधेच पिंग जास्त, तर मग सर्व्हरचं अंतर किंवा रूटिंग, म्हणजे डेटा कुठल्या रस्त्याने जातो ते.

एक लक्षात ठेवा, `1.1.1.1` हा तुमच्या गेमचा सर्व्हर नाही. एकच पत्ता जगात बऱ्याच ठिकाणी चालतो आणि तुम्हाला जवळचा मिळतो, त्यामुळे तिथे १० आला म्हणजे गेममधे १० येईल असं नाही. आपली लाइन निरोगी आहे का हे बघायला तो चांगला.

एखादं खरं उदाहरण द्या ना, आकड्यांचं नक्की काय करायचं कळत नाही.

सांगलीच्या माझ्या मावसभावाच्या घरचं सांगतो. १०० चा फायबर प्लॅन, पण अपलोड २० एमबीपीएसच. राउटर हॉलमधे टीव्हीच्या मागे, हा आतल्या खोलीत, मधे दोन भिंती आणि लोखंडी कपाट. तक्रार अशी की दिवसा अधूनमधून झटके आणि रात्री नऊ नंतर तर खेळणंच अशक्य.

वायफायवरून राउटरला पिंग लावला तर Minimum 2, Average 9, Maximum 187. त्याचं म्हणणं "ॲव्हरेज तर नऊच आहे, चांगलंय की". इथेच सगळे फसतात. ॲव्हरेज चांगला दिसतो कारण शंभरातले नव्वदच्यावर पिंग दोन-चार मधे येतात आणि उरलेले थोडेच शंभर-दीडशे मारतात, पण गेममधे तुम्हाला जाणवतात ते हे थोडेच. म्हणून Average सोडा, Maximum बघा, आणि मोठे आकडे किती वेळा येतायत ते बघा. घरातल्या घरात, दहा मीटरवरच्या राउटरला १८७ लागले तर त्यात नेट कंपनीचा काय संबंध.

मग छताच्या कडेने लॅन केबल टाकली. राउटरला पिंग १ च्या आत, Maximum 2. दिवसाचे झटके गायब. रात्रीचे मात्र तसेच राहिले, आणि आता ते कुठून येतायत ते स्वच्छ दिसत होतं: राउटर सपाट, पण `1.1.1.1` जो दुपारी १२ होता तो रात्री २१० च्या आसपास. तो वायफायचा नव्हता, लाइन भरल्याचा होता, आणि भरणारा घरातलाच होता. त्याचं उत्तर रात्रीच्या लॅगच्या प्रश्नात आहे.

वायफायवर लॅग येतोच का? ५ गीगाहर्ट्झ असलं तरी?

वायफायमधे एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. तुमचा लॅपटॉप, घरातले फोन, टीव्ही आणि त्याच चॅनलवरचे शेजाऱ्यांचे राउटर, सगळे एकाच हवेत आपापली पाळी बघत थांबतात, आणि दोघं एकदम बोलले तर दोघांनाही परत पाठवावं लागतं. व्हिडिओ बघताना याचा फारसा परिणाम दिसत नाही कारण तो थोडा आधीच भरून ठेवलेला असतो, गेमला मात्र आत्ताचं पॅकेट आत्ताच पाहिजे.

२.४ वर हाल जास्त होतात. तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि अपार्टमेंटमधे पंधरा-वीस राउटर तेवढ्यातच कोंबलेले असतात, वर ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह पण त्याच पट्ट्यात. ५ गीगाहर्ट्झला जागा भरपूर पण भिंत लागली की सिग्नल लगेच पडतो. तेव्हा एकाच खोलीत राउटर असेल तर ५ वर छान खेळता येतं, दोन खोल्या पलीकडे असेल तर नाही.

लॅपटॉपवाल्यांसाठी अजून एक. पिंग ठराविक अंतराने, अगदी घड्याळ लावल्यासारखा उडत असेल तर लॅपटॉप मधूनमधून आसपासची वायफाय नेटवर्क शोधत असतो हे कारण असू शकतं, त्यावेळी तो क्षणभर चालू चॅनल सोडतो. विंडोजमधे लोकेशन बंद करून आणि वायफायची सेटिंगची खिडकी उघडी न ठेवता परत मोजून बघा.

लॅन केबल कुठली घ्यायची? कॅट ८ घेऊ का, गेमिंग केबल म्हणून मिळते?

नको. कॅट ५ई घेतली तरी १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस जातं, कॅट ६ घेतली तर उत्तमच, आणि घरात त्याच्यापुढे काही लागत नाही. कॅट ८ ने पिंग एका मिलिसेकंदानेही कमी होत नाही. बघायची गोष्ट एकच, आतली तार शुद्ध तांब्याची पाहिजे. स्वस्त बंडलमधे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार असते, वेष्टनावर CCA लिहिलेलं असतं, ती वाकवली की तुटते आणि जॅक नीट बसत नाही. भिंतीतून किंवा पट्टीतून नेणार असाल तर लाइटच्या वायरच्याच पाइपात घालू नका.

जॅक गल्लीतल्या नेटवाल्याकडून मारून घेतला तर कनेक्शन लागल्यावर विंडोजच्या इथरनेट सेटिंगमधे Link speed बघा. राउटर आणि पीसी दोन्ही गिगाबिटवाले असून तिथे 1000 ऐवजी 100 दिसत असेल तर आठपैकी एखादी तार लागलेली नाही, कारण १०० ला चार तारा पुरतात आणि १००० ला आठही लागतात. गेमला १०० पुरतं हे खरं, पण जी तार आज अर्धवट लागलीये ती उद्या पॅकेट पण सोडायला लागते. राउटरला केबलने पिंग लावल्यावर एकही Lost दिसायला नको आणि २-३ च्या वर काही जायला नको. जात असेल तर जॅक परत मारा.

भाड्याचं घर आहे, केबल टाकता येत नाही. मग?

राउटर जवळ आणता येतो का बघा, फायबरची पिवळी किंवा काळी बारीक वायर लांब करून घेणं नेटवाल्याला अवघड नसतं, आणि लोक हे विचारतच नाहीत. ते नाही जमलं तर लॅपटॉप फक्त ५ गीगाहर्ट्झला जोडा आणि टीव्ही, बल्ब, कॅमेरे सगळे २.४ ला ढकला, त्यासाठी राउटरमधे दोन्हीची नावं वेगळी ठेवावी लागतात. प्लगमधे लावायचा रिपीटर मात्र गेमसाठी घेऊ नका, तोच डेटा हवेतून दोनदा जातो आणि जिटर वाढतो, फोनवर रेंजच्या काड्या फुल दिसतात म्हणून फसायला होतं.

रात्री नऊ-दहा नंतरच लॅग का वाढतो?

दोन शक्यता. एक, नेटवाल्याकडे गर्दी होते. दोन, तुमच्या घरात गर्दी होते. दुसरी शक्यता लोकांना माहितीच नसते, आणि ती जास्त वेळा खरी निघते.

सांगलीच्या घरी रात्री नऊला काय होत होतं, तर वहिनी ऑफिसमधून घरी येणार, फोन वायफायला लागणार, चार्जिंगला लागणार, आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ आपोआप बॅकअपला सुरू होणार. लग्नाचा सीझन होता, व्हिडिओ भरपूर. वरती जाणारी लाइन २० एमबीपीएसची, फोन राउटरला डेटा त्याच्यापेक्षा जास्त वेगाने देतोय. मग जास्तीचा डेटा राउटर फेकून देत नाही, तो आपल्या मेमरीत रांगेत ठेवतो. खेड-शिवापूरच्या टोल नाक्यावर एकच लेन चालू असली आणि पुढे ट्रकची रांग असली की मागच्या छोट्या कारला घाई असून उपयोग नाही तसं, गेमचं छोटंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं.

हिशोब करून बघा. राउटरच्या रांगेत ५०० केबी साठले, म्हणजे ४००० किलोबिट. लाइन सेकंदाला २०,००० किलोबिट बाहेर काढते. ४००० भागिले २०,००० म्हणजे ०.२ सेकंद, २०० मिलिसेकंद. मूळ पिंग १२, त्यात हे २०० मिळवले की २१२. खिडकीत दिसत होता तोच आकडा. याला बफरब्लोट म्हणतात.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. पिंग चालू ठेवा आणि घरातले सगळे फोन वायफायवरून काढा. पिंग लगेच खाली आला तर रांग तुमच्याच राउटरमधे होती. नाही आला, पीसी एकटाच केबलने जोडलेला असतानाही रात्री २०० आणि पहाटे १२ दिसत असेल, तर गर्दी नेटवाल्याकडे आहे, तिथे राउटरची कुठलीच सेटिंग कामाला येत नाही, दोन्ही वेळचे स्क्रीनशॉट घेऊन तक्रार करा किंवा सरळ कनेक्शन बदला.

मग राउटरमधे काय सेटिंग करायची?

मुद्दा एकच, रांग लागू द्यायची नाही. त्यासाठी राउटरला सांगायचं की लाइन २० ची असली तरी तू १७ च समज. मग रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि तो छोट्या पॅकेटांना पुढे काढू शकतो. खऱ्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्के हा आकडा बरोबर बसतो, आणि खरा स्पीड म्हणजे केबल लावून, घरात काही चालू नसताना मोजलेला, प्लॅनवर छापलेला नाही. अपलोडचा आकडा आधी भरा, बहुतेक घरी त्रास तिथलाच असतो.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर हे SQM नावाने असेल तर सोनं, त्यात cake किंवा fq_codel निवडायचं, अपलोड-डाउनलोडचे आकडे टाकायचे, संपलं. ओपनडब्ल्यूआरटी नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकता येणाऱ्या राउटरवर हे मिळतं. नुसतं QoS, म्हणजे कुठला डेटा आधी सोडायचा ते ठरवणारी सेटिंग असेल तर त्यात पण लाइनचा एकूण स्पीड टाकायची जागा असते, तिथे कमी केलेलाच आकडा टाका. बरेच जण फक्त "गेमिंगला प्राधान्य" वर टिक करतात आणि स्पीडची जागा १००० ठेवतात, मग राउटरला वाटतं लाइन कधी भरतच नाही आणि प्राधान्य कधी लागूच होत नाही. अजून एक, स्वस्तातल्या राउटरवर हे चालू केल्यावर एकूण स्पीड पडू शकतो कारण सगळी पॅकेटं त्याच्या छोट्या प्रोसेसरमधून जायला लागतात. २०० चा प्लॅन १२० वर आला असं दिसलं तर घाबरू नका, कारण हे आहे, फक्त डाउनलोडचा भाग बंद करून अपलोडचा ठेवून बघा.

नेटवाल्याने दिलेल्या फायबरच्या डब्यात यातलं काहीच नसतं असं बऱ्याचदा होतं. मग उगमाला आवर घाला: फोनचा बॅकअप रात्री उशिरा किंवा हाताने, वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्हच्या पीसी ॲपमधे अपलोडची मर्यादा, स्टीममधे डाउनलोडची मर्यादा, आणि विंडोजच्या Delivery Optimization मधे Allow downloads from other devices, जुन्या विंडोजमधे other PCs, बंद, नाहीतर तुमचा पीसी विंडोजचे अपडेट दुसऱ्यांना वाटत बसतो. क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवणारा सीसीटीव्ही असेल तर त्याची क्वालिटी एक पायरी कमी करा, तो चोवीस तास अपलोड खात असतो.

सांगलीला राउटर स्वतःचा होता, SQM मधे अपलोड १७ टाकला. बॅकअप पूर्ण चालू असताना पिंग १३ ते २० च्या मधे राहिला, आणि बॅकअप बंद करायला कुणाला सांगावं लागलं नाही.

डीएनएस बदलला, पोर्ट उघडले, डीएमझेड केलं, तरी पिंग तेवढाच. का?

कारण या कशाचाच पिंगशी संबंध नाही. डीएनएस फक्त सुरुवातीला सर्व्हरचा पत्ता शोधून देतो, मॅच चालू झाल्यावर त्याचं काम संपलेलं असतं. पोर्ट, यूपीएनपी आणि नॅट टाइप याने मित्राच्या लॉबीत जाता येणं, व्हॉइस चॅट लागणं असल्या गोष्टी सुधारतात, विशेषतः कन्सोलवर आणि जिथे प्लेयरच एकमेकांना थेट जोडले जातात त्या गेममधे. डीएमझेड तर पीसीसाठी करूच नका, पिंग घटत नाही आणि पीसी बाहेरून उघडा पडतो. फायबरच्या डब्याला पुढे अजून एक राउटर लावला म्हणून पिंग वाढतो हा पण गैरसमज, त्याने एक मिलिसेकंदसुद्धा वाढत नाही, नॅटची कटकट होते एवढंच, आणि ती पहिला डबा ब्रिज मोडमधे टाकून जाते.

सर्व्हरच्या अंतराने पिंग किती वाढतो?

फायबरमधे प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन धरलं तर दर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. हे कुठलीच सेटिंग, कुठलाच राउटर, कुठलाच प्लॅन कमी करू शकत नाही. सांगली ते मुंबई केबल ४०० किलोमीटर धरली तर ४ मिलिसेकंद, बाकीचे ८-१० मधल्या राउटर आणि वळणांचे. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३९०० किलोमीटर, म्हणजे ३९ च्या खाली कधीच नाही, आणि केबल समुद्रातून वळसा घेत जाते म्हणून प्रत्यक्षात ६० च्या आसपास दिसतो. फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार, म्हणजे कमीत कमी ६५, प्रत्यक्षात ११० च्या पुढेच.

म्हणून गेममधे सर्व्हर कुठला लागलाय ते आधी बघा. सीएस २ मधे Max Acceptable Matchmaking Ping ही सेटिंग १५० ठेवली असेल तर मध्यरात्री इथे प्लेयर कमी झाले की गेम तुम्हाला सरळ बाहेरच्या देशात नेऊन टाकतो. ती ६०-७० ला आणा, मॅच उशिरा लागेल पण जवळची लागेल.

सर्व्हर मुंबईचाच आहे, मी पुण्यात आहे, तरी पिंग ८० येतोय. असं कसं?

याला वाकडं रूटिंग म्हणतात. तुमच्या नेटवाल्याचं आणि गेमच्या नेटवर्कचं मुंबईत एकमेकांशी थेट कनेक्शन नसेल तर डेटा चेन्नईवरून, कधी चक्क सिंगापूरवरून फिरून परत मुंबईला येतो. बघायचं असेल तर गेमच्या सर्व्हरचा पत्ता रिसोर्स मॉनिटरच्या Network टॅबमधे गेमच्या नावासमोर मिळतो, तो घेऊन:

```
tracert -d सर्व्हरचा-पत्ता
```

ओळी वरून खाली वाचा. ३, ७, ९ असं चालत येऊन पुढच्या ओळीत एकदम ६८ झालं आणि तिथून शेवटपर्यंत सगळ्या ओळी ६८ च्या वरच राहिल्या तर डेटा तिथे लांब गेलाय. मधली एकच ओळ २०० दाखवतेय किंवा नुसते * आहेत आणि खालच्या ओळी परत ९ वर, तर तिथे काही झालेलं नाही. मधले राउटर पिंगला उत्तर देणं हे बिनमहत्त्वाचं काम समजतात, म्हणून उशिरा देतात किंवा देतच नाहीत. शेवटच्या ओळीत पण * येऊ शकतात कारण बरेच गेम सर्व्हर पिंगला उत्तर देत नाहीत, तेव्हा मधल्या ओळींवरूनच अंदाज घ्यायचा.

ही केस नेटवाल्याला कळवा, पण "नेट स्लो आहे" म्हणू नका, त्यावर माणूस येऊन स्पीड टेस्ट करून दाखवेल आणि जाईल. केबलने जोडलेल्या पीसीवरचा tracert चा स्क्रीनशॉट पाठवा, उडी कुठल्या ओळीवर आहे ते लिहा, आणि हे नेटवर्क टीमकडे पाठवा असं स्पष्ट सांगा. तोवर शक्य असेल तर फोनच्या हॉटस्पॉटवरून तोच गेम उघडून बघा, दुसऱ्या कंपनीच्या नेटवर पिंग २५-३० आला तर तुमचं म्हणणं सिद्ध झालं.

व्हीपीएन किंवा पिंग कमी करणारं ॲप घेतलं तर?

वरच्यासारखं रूटिंग वाकडं असेल तरच. तेव्हा व्हीपीएनचा मुंबईतला सर्व्हर निवडला तर डेटा त्याच्या रस्त्याने सरळ जाऊ शकतो आणि ८० चा २५ होऊ शकतो. वायफाय, बफरब्लोट किंवा अंतर यातलं काही कारण असेल तर पैसे वाया, उलट एक टप्पा वाढतो. ट्रायल घेऊन बघा, आधी वर्षाचे पैसे भरू नका.

भाऊ जर्मनीत असतो, मी नाशिकला. दोघांना बरा पिंग कसा मिळेल?

दोघांना मिळून अंतर तेवढंच राहणार, फक्त वाटून घेता येतं. मुंबईच्या सर्व्हरवर तुम्हाला १५ आणि त्याला १२० च्या वर, फ्रँकफर्टला उलटं. सीएस २ सारख्या गेममधे दुबईचा सर्व्हर आहे, तिथे तुम्हाला ४०-५० आणि बाकीचं त्याच्या वाट्याला, रँक्ड सोडून मजेसाठी खेळायला ते ठीक. काही गेममधे अकाउंट देशाच्या रीजनला बांधलेलं असतं, तिथे हे जमत नाही. आणि युरोपचा पिंग एखाद्या आठवड्यात अचानक ५०-६० ने वाढला तर राउटर उघडू नका, भारत-युरोपच्या बऱ्याच केबल लाल समुद्रातून जातात, सप्टेंबर २०२५ मधे जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा डेटा लांबच्या वळणाने फिरवावा लागला होता. दुरुस्तीला जहाज जावं लागतं, आठवडे लागतात.

मी मोबाईलवर बीजीएमआय खेळतो, मला यातलं काय लागू?

जवळपास सगळंच. फोनला पण लॅन केबल लावता येते, टाइप-सी ते इथरनेट ॲडॉप्टर घ्या, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर लावलं की चालतं, वर पट्टीत छोटी <···> खूण दिसली की लागलं समजा, मग वायफाय आणि मोबाईल डेटा बंद करून खेळा. चार्जिंग पण पाहिजे असेल तर चार्जिंगचा वेगळा पोर्ट असलेला ॲडॉप्टर बघून घ्या, नाहीतर दोन मॅचमधे बॅटरी संपते. सिम कार्डवर खेळत असाल तर खिडकीजवळ बसा आणि गेम चालू असताना पाठीमागचे डाउनलोड बंद ठेवा. टॉवरवर संध्याकाळी गर्दी झाली की पिंग उडतोच, तिथे आपल्या हातात फार काही नसतं, घरात फायबर असेल तर वायफायच्या ५ गीगाहर्ट्झवर राउटरच्या खोलीत बसून खेळलेलं केव्हाही चांगलं.